चार गुणांत तीन विजेते

सरकारी टेंडर म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच हिशोब असतो: ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. ठेकेदारांच्या बोलीत तो ‘एल-वन’. शाळेची बाकं, कार्यालयाचे संगणक, गटाराची झाकणं अशा गोष्टींसाठी हा हिशोब ठीक चालतो, कारण वस्तू कशी हवी हे आधी नेमकं लिहिता येतं आणि ती तशी आली की नाही हे मोजून बघता येतं. पण एखाद्या शहराच्या पाणी योजनेचा आराखडा करणारा सल्लागार नेमायचा असेल तर? त्याची फी योजनेच्या खर्चाच्या मानाने लहान असते. मात्र पुढच्या 30 वर्षांची लोकसंख्या त्याने चुकीची धरली किंवा टाकीची उंची कमी ठेवली, तर शहराच्या टोकाच्या गल्लीत पाणी चढतच नाही, आणि ते कळेपर्यंत नळ जमिनीत गेलेले असतात.

अशा कामांसाठी गुणवत्ता आणि दर या दोन्हींना गुण देऊन त्यांची बेरीज करायची पद्धत आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या 192 व्या नियमात ती सांगितली आहे, आणि ‘क्यूसीबीएस’ या नावाने ती कार्यालयांत ओळखली जाते. गुणवत्तेचा वाटा 70 आणि दराचा 30, किंवा 60 आणि 40, असं प्रमाण निविदेतच जाहीर करायचं. सल्लागाराच्या निवडीत गुणवत्तेचा वाटा 80 टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. ऑक्टोबर 2021 पासून केंद्राने काही अटींवर बांधकामांसाठीही ही वाट मोकळी केली, पण तिथे गुणवत्तेचा वाटा जास्तीत जास्त 30 टक्के. महाराष्ट्राची स्वतःची खरेदी नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने आलेली आहे.

या पद्धतीचा सगळा जीव एका कागदात असतो. तो म्हणजे निविदाकारांचा गुणतक्ता. आडव्या ओळीत निविदाकार, उभ्या रकान्यांत निकष, शेवटी बेरीज आणि क्रमांक. बघायला तो शाळेच्या निकालपत्रकाइतका सरळ वाटतो. तो किती सरळ आहे हे एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून तेच करू.

समजा, एका नगरपरिषदेला पाणीपुरवठा योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल करून घ्यायचा आहे. प्रमाण 70 आणि 30. तांत्रिक भागाचे एकूण 100 गुण: तशाच कामाचा अनुभव 30, काम कसं करणार याची मांडणी 30 आणि नेमले जाणारे तज्ज्ञ 40. तांत्रिक भागात किमान 70 गुण मिळाले तरच दराचा लिफाफा उघडायचा. तीन कंपन्या उतरल्या आहेत. त्यांना अ, ब आणि क म्हणू.

आधी अनुभवाचा रकाना बघू. निविदेत नुसतं ‘पुरेसा व समाधानकारक अनुभव असावा’ असं लिहिलं, तर 30 पैकी किती द्यायचे हे प्रत्येक सदस्य आपापल्या मनाने ठरवणार. चांगली निविदा असं लिहिते: गेल्या 7 वर्षांत 25 हजारांहून जास्त वस्तीच्या शहराच्या पाणी योजनेचा अहवाल पूर्ण केलेला असावा, अशी 2 कामं असतील तर 18 गुण, 3 असतील तर 22, 4 असतील तर 26, 5 किंवा जास्त असतील तर 30, पुरावा म्हणून काम देणाऱ्या कार्यालयाचा पूर्णत्वाचा दाखला. आता मनाला वाव उरत नाही, फक्त दाखले मोजायचे. अ कंपनीचे 4 दाखले म्हणजे 26 गुण. ब आणि क यांचे प्रत्येकी 3, म्हणजे 22.

तरीही एक पेच उरतोच. क कंपनीचा तिसरा दाखला हातात घेतला तर त्यावर लिहिलंय: ‘अहवालाचा मसुदा सादर केला असून काम प्रगतिपथावर आहे.’ कार्यालयाचा शिक्का आहे, अधिकाऱ्याची सही आहे, जावक क्रमांकही आहे. पण काम पूर्ण झाल्याचं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. घाईत बसलेली समिती तो दाखला धरून 22 देते. बारकाईने वाचणारी समिती तो बाजूला ठेवून 18 देते. हे 4 गुण लक्षात ठेवा.

मांडणीचा रकाना मात्र मोजून सुटत नाही. पाण्याचा स्रोत कसा तपासणार, जुन्या नळांची गळती कशी शोधणार, सर्वेक्षण किती दिवसांत करणार, यावरचं लिखाण वाचून मत बनवावं लागतं. इथे व्यक्तीचा निर्णय टाळता येत नाही आणि टाळूही नये. ज्याला पाणी योजनेतलं कळतं त्याचं मत ऐकण्यासाठीच तर समिती असते. पण त्या मताला पट्टी हवी. ‘स्थानिक परिस्थितीचा उल्लेख नाही, कुठल्याही गावाला चिकटवता येईल असा मजकूर’ असेल तर 12 पर्यंत, ‘जागा पाहून लिहिलेलं, पण वेळापत्रक आणि माणसं जुळत नाहीत’ असेल तर 20 पर्यंत, अशी पायऱ्यांची वर्णनं लिफाफे उघडण्याआधी कागदावर असावीत. प्रत्येक सदस्याने आपला तक्ता स्वतंत्र भरावा आणि प्रत्येक आकड्याशेजारी एका वाक्याचं कारण लिहावं. मग एकत्र बसून, जिथे फार अंतर आहे तिथेच चर्चा करावी. आकडा बदलला तर जुना खोडून त्यावर सही करावी, पांढरी शाई लावू नये. एकत्र बसून भरलेल्या तक्त्याची खूण चटकन दिसते. तिन्ही सदस्यांचे सगळे आकडे तंतोतंत सारखे असतात आणि कारणांचा रकाना कोरा असतो.

आपल्या उदाहरणात क कंपनीच्या मांडणीला तीन सदस्यांनी 22, 19 आणि 19 दिले, सरासरी 20. तज्ज्ञांचे 30 मिळून क चे एकूण 72 झाले. ब कंपनीचे 78 आणि अ चे 86. तिघेही 70 च्या वर, म्हणून तिघांचे दराचे लिफाफे उघडायचे.

त्याआधी एक गोष्ट व्हायला हवी, आणि माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. तांत्रिक गुण सह्यांनिशी बंद करून सगळ्या निविदाकारांना कळवायचे, आणि मगच दर उघडायचे. एकदा दर दिसले की 19 चे 21 करायला काय कारण लागणार हे कुणालाही सुचू शकतं. ई-निविदेत दराचा लिफाफा ठरलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय उघडत नाही आणि उघडल्याची तारीख व वेळ संगणकावर नोंदली जाते. त्यामुळे गुणतक्त्यावरची सहीची तारीख आणि पोर्टलवरची दर उघडल्याची वेळ शेजारी ठेवली की क्रम पाळला होता की नाही, हे कुणालाही ताडता येतं.

दर उघडले. अ: 60 लाख, ब: 48 लाख, क: 40 लाख. दराचे गुण काढायचं रूढ सूत्र सोपं आहे. सर्वांत कमी दराला 100 गुण. बाकीच्यांना, सर्वांत कमी दर भागिले त्यांचा दर, गुणिले 100. मग तांत्रिक गुणांचे 70 टक्के आणि दराच्या गुणांचे 30 टक्के मिळवायचे.

| निविदाकार | तांत्रिक गुण | दर, लाख रुपये | दराचे गुण | एकत्रित गुण |
|---|---|---|---|---|
| अ | 86 | 60 | 66.67 | 80.2 |
| ब | 78 | 48 | 83.33 | 79.6 |
| क | 72 | 40 | 100 | 80.4 |

क जिंकला. गुणवत्तेला 70 टक्के वाटा देऊनही तिघांतला तांत्रिकदृष्ट्या सर्वांत कच्चा निविदाकार पहिला आला. तक्त्यात बेरजेची चूक नाही. असं होतं याचं कारण गुण किती अंतरात पसरलेत यात आहे. 70 च्या खालचे आधीच बाद झाले आणि परीक्षक 90 च्या वर सहसा जात नाहीत. त्यामुळे तांत्रिक गुण सगळे 70 आणि 90 च्या मध्ये दाटीवाटीने बसतात. दराचे गुण मात्र 66 पासून 100 पर्यंत ऐसपैस पसरतात. अ आणि क मधला तांत्रिक फरक 14 गुणांचा, त्याचे 70 टक्के 9.8. दराच्या गुणांतला फरक 33.33, त्याचे 30 टक्के 10. म्हणजे कागदावर 70 असलेली गुणवत्ता 30 असलेल्या दरापुढे हरली. जाहीर केलेलं प्रमाण आणि प्रत्यक्ष चाललेलं प्रमाण वेगळं होतं, आणि ते गुण देण्याच्या सवयीने ठरवलं.

आता मांडणीच्या रकान्याकडे परत जाऊ. समजा तिसऱ्या सदस्याने क ला 19 ऐवजी 16 दिले असते. सरासरी 20 ची 19 झाली असती आणि क चे 72 चे 71. बाकी काहीही बदललेलं नाही. क चे एकत्रित गुण 79.7 होतात, आणि 80.2 वाला अ पहिला येतो.

आणि तो प्रगतिपथावरचा दाखला समितीने नाकारला असता तर? क चे 22 चे 18 झाले, एकूण 68, म्हणजे तो 70 च्या खाली गेला. त्याचा दराचा लिफाफा उघडलाच नाही. आता सर्वांत कमी दर ब चा, 48 लाख. ब ला दराचे 100 गुण, अ ला 80. एकत्रित गुण: अ 84.2, ब 84.6. काम ब ला.

72 ला क, 71 ला अ, 68 ला ब. एका कंपनीच्या 4 गुणांत तीन विजेते झाले. त्यातही शेवटचा बदल जास्त विचार करायला लावणारा आहे. अ आणि ब यांचे तांत्रिक गुण तेच, दर तेच. तरीही तिसरा स्पर्धेत असेल तर अ पुढे आणि तो बाद झाला तर ब पुढे. दराचे गुण सर्वांत कमी दराच्या मानाने काढले जात असल्यामुळे कुणी तिसरा खाली उतरला की बाकी सगळ्यांमधली अंतरं बदलतात.

याचा गैरफायदा घेता येतो. अ कंपनीला ब ला मागे टाकायचं असेल, तर ओळखीच्या कुणाला तरी जेमतेम 70 पार करेल एवढी निविदा भरायला सांगायची आणि दर खूप ‘बिलो’ टाकायला लावायचा. तो स्वतः जिंकत नाही, पण दराच्या गुणांची पट्टी खाली ओढतो आणि महाग असलेला अ वाचतो. अशा संगनमताला 2002 च्या स्पर्धा कायद्यात बंदी आहे. तक्त्यावरून ते दिसत नाही. ते कागदपत्रांत दिसतं. दोन निविदांत सारख्याच शुद्धलेखनाच्या चुका, एकाच संगणकावरून अपलोड, बयाण्याच्या रकमा एकाच बँक खात्यातून, किंवा फार कमी दर टाकलेल्याला ‘या दरात माणसांचे पगार कसे भागवणार’ असं विचारल्यावर हिशोबच न देता येणं. समितीने सर्वांत कमी दराचं पृथक्करण मागायचं ते यासाठी, आणि तो खरोखर तेवढ्यात काम करू शकेल का हे कळावं यासाठीही.

दराचे गुण दुसऱ्या कुणाच्या दरावर अवलंबून न ठेवता आधी जाहीर केलेल्या अंदाजपत्रकाच्या मानाने द्यायचे, असाही मार्ग आहे. मग तिसऱ्याच्या येण्याजाण्याने अ आणि ब यांचा क्रम बदलत नाही. त्याची अडचण अशी की अंदाजपत्रकच चुकलं असेल तर सगळ्यांचे गुण एका टोकाला गोळा होतात. कुठलंच सूत्र निर्दोष नाही. पण जे निवडलं त्याचा परिणाम आधी माहीत असायला हवा.

आता अगदी क्षुल्लक वाटणारी एक बाब. वरचे एकत्रित गुण पूर्णांकात लिहा: 80.2 चे 80, 79.6 चे 80, 80.4 चेही 80. तिघांत बरोबरी! मग निविदेतला बरोबरीचा नियम लागू होणार. ज्याचे तांत्रिक गुण जास्त त्याला काम, असा नियम असेल तर अ जिंकला. म्हणून किती दशांश स्थळं धरायची आणि बरोबरी सुटायची कशी, या दोन ओळी निविदेत छापलेल्या असाव्या लागतात. नंतर ठरवल्या तर त्या कुणाच्या तरी बाजूने ठरवल्यासारख्याच होतात.

तक्ता बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये बनतो. E रकान्यात तांत्रिक गुण आणि F मध्ये दर असेल, तर अ च्या ओळीतली सूत्रं एवढीच:

```
G2: =ROUND(100*MIN($F$2:$F$4)/F2,2)
H2: =ROUND(0.7*E2+0.3*G2,2)
I2: =RANK(H2,$H$2:$H$4)
```

यातली डॉलरची चिन्हं गळली की सूत्र खाली ओढताना पल्ला घसरतो. दुसऱ्या ओळीत पहिल्याचा दर धरला जात नाही, तिसरीत पहिल्या दोघांचा. शेवटच्या ओळीतल्याला दर कितीही असला तरी 100 गुण मिळतात. ही चूक एका नजरेत ओळखता येते: दर वेगवेगळे असताना 100 गुण एकाच निविदाकाराला, आणि तेही सर्वांत कमी दरवाल्यालाच असायला हवेत. तसंच बाद झालेल्याचा दर या पल्ल्यात चुकून राहिलेला नाही ना, आणि एकाचा दर जीएसटीसह तर दुसऱ्याचा त्याशिवाय असं झालेलं नाही ना, हे सही करण्याआधी बघावं.

निकष मध्येच बदलले तर काय होतं याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. मुंबई विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रं चालवायला देण्यासाठी आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने निविदा मागवल्या होत्या. अट अशी की निविदाकार किमान 5 वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक असावा. काम मिळालं ते ही अट पूर्ण न करणाऱ्याला. त्याचा अनुभव कँटीन चालवण्याचा होता. रमणा दयाराम शेट्टी यांनी न्यायालयात जाऊन म्हटलं की अट सैल होणार हे माहीत असतं तर मीही निविदा भरली असती. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. भगवती यांच्या निकालात सांगितलं की प्राधिकरणाने स्वतः जाहीर केलेला निकष त्याच्यावर बंधनकारक आहे. दाद मागायला उशीर झाला म्हणून तो ठेका मात्र रद्द केला नाही. या निकालाने लक्ष वेधलं ते निविदा न भरलेल्यांकडे. निकष छापलेला वाचून जे घरी बसले, त्यांच्यावरही नंतरच्या सवलतीने अन्याय होतो.

1994 च्या टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली: न्यायालय समितीच्या जागी बसून नव्याने गुण देणार नाही, निर्णय कोणत्या पद्धतीने झाला तेवढं तपासेल. म्हणूनच तक्त्यातला 20 हा आकडा 22 हवा होता की 18, हा वाद न्यायालयात टिकायची आशा कमी. जाहीर न केलेला निकष लावला, दर उघडल्यावर गुण बदलले, दाखल्याची अट एकाला लावली आणि दुसऱ्याला नाही, हे मुद्दे टिकतात. आणि ते सिद्ध होतात ते कारणांच्या रकान्यावरून आणि तारखांवरून.

हे सगळं निविदा निघण्यापूर्वी पडताळून बघता येतं, आणि त्यासाठी एक दुपार पुरते. रिकाम्या तक्त्यात काल्पनिक निविदाकार भरायचे: एक उत्तम पण महाग, एक मध्यम, एक जेमतेम पण फार स्वस्त. मग गुण एकेक करून हलवायचे आणि पहिला क्रमांक कुठे बदलतो ते पाहायचं. त्यातून आणखी एक गोष्ट काढता येते, ती म्हणजे एका तांत्रिक गुणाची किंमत. आपल्या उदाहरणात अ ला एक तांत्रिक गुण जास्त मिळणं म्हणजे दर सुमारे 2 लाखांनी कमी टाकण्यासारखं आहे. मुख्याधिकाऱ्यांपुढे हा आकडा ठेवून सरळ विचारावं: थोडा अधिक अनुभवी गटप्रमुख मिळण्यासाठी नगरपरिषद 2 लाख जास्त द्यायला तयार आहे का? उत्तर ‘हो, त्याहून जास्त’ असेल, तर प्रमाण 80 आणि 20 करावं, किंवा पात्रतेची रेषा 70 ऐवजी 75 वर न्यावी, म्हणजे जेमतेम असलेले दरापर्यंत पोचणारच नाहीत. उत्तर ‘नाही’ असेल, तर पात्रतेची रेषा आखून पुढे सर्वांत कमी दर घेणं जास्त प्रामाणिक. 193 वा नियम त्याचीच सोय करतो.

हरलेल्या निविदाकाराने, किंवा त्या शहरात पाणीपट्टी भरणाऱ्या कुणीही, निर्णय झाल्यावर मागायचे कागद ठरलेले आहेत: निकषवार गुण, प्रत्येक सदस्याचा स्वतंत्र तक्ता कारणांसह, तांत्रिक गुणांवरच्या सह्यांची तारीख, आणि दर उघडल्याची पोर्टलवरची नोंद. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ड) मध्ये व्यापारी गुपितांना संरक्षण आहे, आणि एखाद्याची कार्यपद्धतीची मांडणी त्यात येऊ शकते. समितीने दिलेल्या गुणांना मात्र व्यापारी गुपित म्हणणं अवघड आहे.